अभिरंजन आणि माध्यमांचा तक्ता : ‘गुलाबी’ हा एकच शब्द चार ठिकाणी आला आहे

अबोली_डिचोली

नमस्कार. मी वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात सर्व काही इंग्रजीत चालते, परंतु घरी मी मराठीत टिपणे काढते, कारण स्वतःच्या भाषेत लिहिल्याशिवाय मला एखादी गोष्ट खरोखर समजली आहे की नाही याचा अंदाज येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रातील अभिरंजन आणि संवर्धन माध्यमे हे प्रकरण मी जीव, पद्धत आणि अपेक्षित निकाल अशा तीन रकान्यांच्या तक्त्यात बसवले होते, आणि एवढे मोठे प्रकरण दोन पानांत आले म्हणून समाधानी होते.

गेल्या आठवड्यात अंतर्गत प्रात्यक्षिकात आम्हांला एक अज्ञात संवर्धन दिले गेले. मी ग्रॅम अभिरंजन केले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दंडाणू दिसले. मॅकॉन्कीच्या प्लेटवर, सुमारे वीस तासांनंतर, फिकट, जवळजवळ रंगहीन वसाहती होत्या. ब्लड अगारवर सुट्या वसाहती नव्हत्याच. पृष्ठभागावर लाटांसारखा पातळ थर पसरला होता. माझ्या तक्त्यात ‘ई. कोलाय, क्लेब्सिएला, प्रोटियस : ग्रॅम निगेटिव्ह दंडाणू : गुलाबी’ अशी एकत्रित ओळ होती. वसाहती फिकट का, हा प्रश्न मनात आला होता, तरीही ‘गुलाबी’ हा शब्द स्लाइडवर जुळला म्हणून मी ई. कोलाय लिहिले. उत्तर प्रोटियस होते.

घरी येऊन तक्ता पुन्हा वाचला, तेव्हा ‘गुलाबी’ हा शब्द चार ठिकाणी सापडला: ग्रॅमच्या ओळीत, मॅकॉन्कीच्या ओळीत, झील-नील्सनच्या ओळीत आणि युरिया माध्यमाच्या ओळीत. चारही ठिकाणी मी तो पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला आहे. प्रकरणाचा संक्षेप कसा करावा, म्हणजे रंग नुसता पाठ न होता त्याचा अर्थही सोबत राहील, याविषयी कोणी अनुभवी व्यक्तीने मार्गदर्शन करावे. अंतिम परीक्षेला तीन आठवडे आहेत.

पणती

अबोली, मीही या मार्गाने गेले आहे, म्हणून एक सोपा नियम सांगते. ग्रॅम निगेटिव्ह म्हणजे स्लाइडवर गुलाबी, आणि ग्रॅम निगेटिव्ह तेवढेच मॅकॉन्कीवर वाढतात, कारण त्यातील पित्तक्षार ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंना वाढू देत नाहीत. म्हणून दोन्हीकडे गुलाबी लक्षात ठेवायचे आणि साल्मोनेला, शिगेला, प्रोटियस हे अपवाद वेगळ्या शाईने लिहायचे. मी असेच केले आणि उत्तीर्ण झाले.

जुनी_प्रयोगशाळा

मी तीस वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो आहे. अबोलीचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिची चूक पाठांतराची नाही, तक्त्याच्या रचनेची आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम पणती यांच्या नियमाविषयी. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे: मॅकॉन्की हे माध्यम मुख्यतः ग्रॅम निगेटिव्ह दंडाणूंसाठी आहे आणि पित्तक्षार बहुतेक ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंना रोखतात. परंतु वाढणे आणि गुलाबी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. माध्यम कोणाला वाढू देते हा एक प्रश्न, आणि वाढलेला जिवाणू लॅक्टोजपासून आम्ल तयार करतो का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पित्तक्षार देतात, दुसऱ्याचे उत्तर न्यूट्रल रेड देते. हे दोन प्रश्न एका शब्दात कोंबले की प्रोटियससारखा जिवाणू, जो वाढतो पण लॅक्टोजला हात लावत नाही, अपवाद वाटू लागतो. तो अपवाद नाही. नियमच चुकीचा मांडला गेला आहे.

आता तुझे चार गुलाबी एकेक करून पाहू.

ग्रॅम अभिरंजनात आपण आधी क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट ठेवतो, मग आयोडीन एक मिनिट. पेशीच्या आत या दोघांचे मोठे संयुग तयार होते. त्यानंतर अल्कोहोल किंवा ॲसिटोन घातले की ज्यांची भित्ती जाड आहे त्यांच्यात ते संयुग अडकून राहते, आणि ज्यांची भित्ती पातळ व बाह्य पटल मेदयुक्त आहे त्यांच्यातून ते धुऊन जाते. धुऊन गेलेली पेशी या वेळी रंगहीन असते. मग आपण सॅफ्रानिन घालतो आणि ती गुलाबी होते. म्हणजे ग्रॅममधला गुलाबी हा शेवटी घातलेल्या रंगाचा आहे आणि तो एवढेच सांगतो की पहिला रंग टिकला नाही. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात हा दुसरा रंग नव्हताच. तो पुढे जोडला गेला.

झील-नील्सनमध्ये नेमके उलटे आहे. तेथे पहिलाच रंग, म्हणजे कार्बोल फुक्सिन, लाल आहे. तो उष्णतेच्या साहाय्याने मायकोलिक आम्लाच्या मेणचट आवरणातून आत शिरतो, आणि नंतर २० ते २५ टक्के सल्फ्युरिक आम्लानेही बाहेर पडत नाही. बाकी सर्व काही धुऊन निघते आणि मेथिलीन ब्लूने निळे होते. म्हणून ग्रॅमच्या स्लाइडवरचा गुलाबी म्हणजे रंग गेला, आणि झील-नील्सनच्या स्लाइडवरचा लाल-गुलाबी म्हणजे रंग राहिला. हे एक वाक्य तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेव.

मॅकॉन्कीवर पेशी रंगवलेल्याच नाहीत. तेथे न्यूट्रल रेड हा सूचक माध्यमात मिसळलेला आहे. लॅक्टोजपासून आम्ल झाले आणि सामू सुमारे ६.८ च्या खाली गेला की तो लाल होतो आणि वसाहत गुलाबी दिसते. ई. कोलायच्या वसाहतीभोवती कधी कधी धुरकट वलयही दिसते, ते आम्लामुळे साकळलेल्या पित्तक्षारांचे असते. उलट, लॅक्टोज न वापरणारा जिवाणू पेप्टोनवर जगतो आणि त्यातून अमोनिया सुटतो, त्यामुळे तुझ्या प्लेटवर फिकट वसाहतींच्या आजूबाजूचे माध्यमही किंचित पिवळसर झाले असेल. तशी खूण दिसली होती का, आठवून पाहा.

चौथा गुलाबी सर्वांत फसवा आहे. युरिया माध्यमात फिनॉल रेड असतो. प्रोटियसचे युरियेज विकर युरियाचे विघटन करून अमोनिया सोडते, माध्यम अल्कधर्मी होते आणि काही तासांतच गडद गुलाबी दिसते. म्हणजे मॅकॉन्कीवर गुलाबी असेल तर आम्ल आणि युरियावर गुलाबी असेल तर अल्कली. हाच फिनॉल रेड मॅनिटॉल सॉल्ट अगारमध्येही असतो, आणि तेथे स्टॅफिलोकॉकस ऑरियसने आम्ल केले की माध्यम पिवळे होते.

म्हणून माझी सूचना एकच आहे. तीन रकान्यांच्या ऐवजी चार कर. निकालाच्या शेजारी ‘रंग कशाचा आणि तो काय सांगतो’ असा रकाना घाल. जागा वाढेल, पण तो रकाना भरता आला नाही तर ती ओळ आपल्याला समजलेली नाही हे तुला लगेच कळेल.

अबोली_डिचोली

सर, आपण एवढा वेळ काढून लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. प्लेटचे आपण विचारलेत म्हणून सांगते: वसाहतींच्या आजूबाजूचा भाग खरोखर पिवळट झाला होता. मी तो माध्यम जुने झाल्याचे लक्षण समजले.

एक शंका आहे. ब्लड अगारवर थर पसरला होता, मग मॅकॉन्कीवर तोच जिवाणू सुट्या वसाहतींत कसा वाढला? तेथेही तो पसरायला हवा होता ना?

जुनी_प्रयोगशाळा

पित्तक्षारांमुळे. प्रोटियस ब्लड अगारवर पसरतो ती त्याची झुंडीने सरकण्याची सवय आहे, आणि मॅकॉन्कीतील पित्तक्षार ती रोखतात. म्हणूनच मिश्र नमुन्यात प्रोटियस असेल तर ब्लड अगारवर बाकीचे सर्व त्याच्या थराखाली झाकले जातात, परंतु मॅकॉन्कीवर ते वेगळे काढता येतात. तक्त्यात हे एकाच ओळीत दोन प्लेट शेजारी ठेवून लिही, कारण या जिवाणूची खरी ओळख त्या दोन प्लेटमधल्या फरकात आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. हवेत इतका दमटपणा असतो की प्लेटच्या झाकणावर थेंब जमतात, ते पृष्ठभागावर पडतात आणि साध्या ई. कोलायच्या वसाहतीही एकमेकींत मिसळून थर पसरल्यासारख्या दिसतात. म्हणून जिवाणू पेरण्यापूर्वी प्लेट झाकण तिरके ठेवून, पालथी करून थोडा वेळ इनक्युबेटरमध्ये सुकवावी. खऱ्या पसरण्यात एकाभोवती एक अशी वलये दिसतात. पाण्याने मिसळलेल्या वसाहतींत ती नसतात.

शेवंती

येथे झील-नील्सनचा उल्लेख वाचला म्हणून विचारते. माझ्या वडिलांची थुंकी तपासली, त्या अहवालावर ‘१+’ असे लिहिले आहे. तुमच्या तक्त्यात पाहून याचा अर्थ सांगाल का? डॉक्टरांकडे सोमवारी जायचे आहे आणि तोपर्यंत मनाला चैन नाही.

जुनी_प्रयोगशाळा

शेवंतीताई, तुमची काळजी समजते. अबोलीचा तक्ता कोणत्या पद्धतीने कोणता जिवाणू कसा दिसतो हे सांगतो, तर तुमच्या अहवालातला आकडा किती दंडाणू दिसले हे सांगतो; म्हणून तक्त्यात त्याचे उत्तर नाही. तेल-भिंगाखाली १०० क्षेत्रांत मिळून १० ते ९९ दंडाणू दिसले तर ‘१+’ लिहितात. त्याहून कमी, म्हणजे १ ते ९ दिसले, तर नेमकी संख्या लिहितात, आणि ‘२+’, ‘३+’ हे त्याहून जास्त प्रमाणासाठी असतात. याचा अर्थ तपासणीत दंडाणू सापडले आहेत आणि उपचाराची गरज डॉक्टर ठरवतील. शक्य असेल तर सोमवारची वाट न पाहता जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात अहवाल घेऊन जा. क्षयरोगाची औषधे तेथे विनामूल्य मिळतात. तोवर वडिलांनी खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि खोलीत हवा खेळती ठेवावी.

अबोली, या प्रश्नातून तुझ्यासाठीही एक दुरुस्ती निघते. झील-नील्सनच्या निकालात ‘मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस’ असे लिहू नकोस. स्लाइड एवढेच सांगते की निळ्या पार्श्वभूमीवर लाल, बारीक, किंचित वाकलेले आम्लरोधी दंडाणू आहेत. दुसऱ्या मायकोबॅक्टेरियाही तशाच दिसू शकतात. नेमकी जात लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावरील वाढ आणि पुढच्या चाचण्या सांगतात, आणि तेथे तर २ ते ८ आठवडे थांबावे लागते.

शेवंती

आभारी आहे. भावाला सांगून उद्याच सकाळी केंद्रावर जाते.

खाजन

मी दक्षिण गोव्यात मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात आहे. तुमच्या तक्त्यात टीसीबीएस माध्यमाची ओळ असेलच. आमच्या कामात ते रोज लागते, कारण तिसऱ्या, खुबे, कोळंबी यांतून व्हिब्रिओ येण्याची शक्यता असते. माझा नियम साधा आहे: टीसीबीएसवर पिवळी वसाहत म्हणजे कॉलरा आणि हिरवी म्हणजे पॅराहिमोलिटिकस. येथे गुलाबीचा गोंधळच नाही, म्हणून ही ओळ तरी तीन रकान्यांत बसते असे मला वाटते.

जुनी_प्रयोगशाळा

खाजन, रोज ते माध्यम हाताळणाऱ्या माणसाशी मतभेद व्यक्त करताना मला संकोच वाटतो, परंतु येथेही चौथा रकाना लागेल. टीसीबीएसमधील साखर सुक्रोज आहे आणि सूचक ब्रोमोथायमॉल ब्लू व थायमॉल ब्लू आहेत. सुक्रोजपासून आम्ल झाले की वसाहत पिवळी होते. म्हणजे पिवळा रंग ‘हा जिवाणू सुक्रोज वापरतो’ एवढेच सांगतो. व्हिब्रिओ कॉलरी सुक्रोज वापरतो, पण समुद्रात सहज आढळणारा व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसही वापरतो, आणि मासळीच्या नमुन्यात तर त्याचीच शक्यता जास्त. प्रत्येक पिवळ्या वसाहतीला कॉलरा म्हटले तर तुमच्या कारखान्यात दर आठवड्याला घबराट होईल.

तुमच्या नियमाचा हिरव्याचा भाग अधिक भरवशाचा आहे, परंतु त्यालाही मर्यादा आहे, कारण सुक्रोज न वापरणारे इतर व्हिब्रिओही हिरवेच दिसतात. पुढची ऑक्सिडेज चाचणी करताना वसाहत थेट टीसीबीएसवरून उचलू नये, त्या माध्यमावरून निकाल चुकीचा येऊ शकतो. ती आधी न्यूट्रिएंट अगारवर उतरवून घ्यावी.

खाजन

अल्जिनोलिटिकसचे मला ठाऊक होते, कारण आम्ही पिवळी वसाहत आली की पुढच्या चाचण्यांसाठी बाहेर पाठवतो. परंतु तक्त्यासाठी सोपे करताना मी तोच भाग गाळला, हे मान्य आहे. अनुभवातली एक गोष्ट जोडतो: प्लेट वेळेवर न वाचता फ्रिजमध्ये ठेवून नंतर पाहिली तर पिवळ्या वसाहती हिरवट झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यामुळे आमच्याकडे वाचनाची वेळ प्लेटच्या तळाशीच लिहितात.

मांडवीकाठ

मी महाविद्यालयात हा विषय शिकवते. चौथ्या रकान्याची सूचना मला मनापासून पटली, परंतु तक्त्याची सुरुवात जीवाच्या नावाने करण्यालाच माझा आक्षेप आहे. प्रयोगशाळेत कोणताही नमुना नाव घेऊन येत नाही. अबोलीच्या हातात गुलाबी दंडाणू, फिकट वसाहती आणि पसरलेला थर या तीन गोष्टी होत्या आणि त्यांवरून तिला नावाकडे जायचे होते, तर तिचा तक्ता नावावरून रंगाकडे जातो. म्हणून पहिल्या रकान्यात निरीक्षण लिहावे आणि जीव शेवटच्या रकान्यात यावा.

जुनी_प्रयोगशाळा

मॅडम, प्रात्यक्षिकासाठी आपले म्हणणे रास्त आहे. परंतु लेखी परीक्षेत प्रश्न ‘अमुक जिवाणूचे प्रयोगशाळेतील निदान लिहा’ असाच येतो, आणि तेव्हा नावावरून सुरुवात करणारी ओळच हाताशी लागते. शिवाय निरीक्षणाने सुरुवात केली तर ‘फिकट वसाहत’ या एका ओळीसमोर पाच-सहा नावे येतील आणि विद्यार्थी पुन्हा गोंधळेल.

मांडवीकाठ

पाच-सहा नावे येणे हेच तर वास्तव आहे आणि ते तक्त्याने लपवू नये. एका फिकट वसाहतीवरून कोणालाच नाव सांगता येत नाही, पुढची चाचणी लागते, हे त्या गर्दीवरूनच विद्यार्थ्याला समजते. आपल्या दोघांचे यावर एकमत होईल असे वाटत नाही. अबोलीने दोन्ही करून पाहावे आणि तिला कोणता उपयोगी पडतो ते ठरवावे.

त्याहून निकडीचे एक सांगते. ‘अपेक्षित निकाल’ या रकान्यात निकाल बिघडल्याची खूणही असली पाहिजे. मी विद्यार्थ्यांना पुवाची एक स्लाइड देते आणि जिवाणू शोधण्याआधी पूपेशींची केंद्रके कोणत्या रंगाची आहेत ते विचारते. ग्रॅम अभिरंजन नीट झाले असेल तर ती गुलाबी असतात. ती जांभळी दिसली तर अल्कोहोल कमी पडले आहे, आणि त्या स्लाइडवरचा एकही जांभळा जिवाणू विश्वासार्ह नाही. उलट बाजूची चूक, म्हणजे जास्त धुणे, केंद्रकांवरून कळत नाही, कारण ती दोन्ही वेळा गुलाबीच असतात. त्यासाठी त्याच काचेच्या एका कडेला स्टॅफिलोकॉकसचा आणि दुसऱ्या कडेला ई. कोलायचा छोटा स्मिअर घ्यावा. स्टॅफिलोकॉकस गुलाबी निघाला तर दोष जिवाणूचा नाही, हाताचा आहे.

पणती

मॅडम, अल्कोहोल नेमके किती वेळ ठेवायचे? आमच्या पुस्तकात अर्धा मिनिट आहे, दुसऱ्या पुस्तकात दोन-तीन सेकंद.

मांडवीकाठ

दोन्ही पुस्तके बरोबर असू शकतात. ॲसिटोन फार वेगाने रंग काढतो, म्हणून दोन-तीन सेकंद. ९५ टक्के अल्कोहोल सावकाश काढते, म्हणून दहा ते तीस सेकंद. तक्त्यात सेकंद लिहिताना द्रव कोणता हे लिहिले नाही तर तो आकडा धोकादायक आहे. खरे पाहता घड्याळापेक्षा काचेकडे पाहावे: तिरक्या धरलेल्या काचेवरून वाहणारा द्रव जांभळा येणे थांबले की लगेच पाण्याने धुवावे. स्मिअर जाड असेल तर पातळ भाग आधी रंग सोडतो आणि जाड भाग नंतर, त्यामुळे एकाच काचेवर एकाच जिवाणूचे दोन रंग दिसतात. मुळात अशा जाड स्मिअरवर कोणताही निष्कर्ष काढू नये.

संवर्धन किती तासांचे आहे तेही लिहावे. १८ ते २४ तासांच्या ताज्या वाढीवर ग्रॅम भरवशाचे असते. दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या प्लेटवरच्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींची भित्ती खालावते आणि त्या गुलाबी दिसू लागतात.

जुनी_प्रयोगशाळा

याला पूर्ण सहमती. झील-नील्सनच्या ओळीतही बिघाडाची एक खूण लिही, अबोली. काचेवर कार्बोल फुक्सिन घालून खालून ज्योत फिरवायची ती वाफ दिसेपर्यंतच. उकळू द्यायचे नाही आणि पाच मिनिटांत रंग आटूही द्यायचा नाही, कमी झाला तर वरून घालायचा. आटला तर रंगाचे लाल खडे बसतात आणि नवशिक्याला ते दंडाणू वाटतात. मीही सुरुवातीच्या वर्षांत एकदा असेच फसलो आणि वरिष्ठांनी शेजारी बसवून दाखवले: खड्यांचे आकार वेडेवाकडे आणि काळपट असतात, आणि भिंगाचा सूक्ष्म स्क्रू किंचित फिरवला की ते पेशींच्या पातळीत न राहता वर तरंगल्यासारखे दिसतात. खरा दंडाणू पार्श्वभूमीबरोबरच स्पष्ट होतो.

अबोली_डिचोली

आपणा सर्वांच्या सूचना घेऊन पहिल्या पाच ओळी नव्याने लिहिल्या आहेत. मांडवीकाठ मॅडमच्या सूचनेनुसार निरीक्षणापासून सुरू होणारा दुसरा तक्ताही सुरू केला आहे, परंतु तो पूर्ण व्हायचा आहे.

| जीव | पद्धत | अपेक्षित निकाल | रंग कशाचा, काय सांगतो |
|---|---|---|---|
| ई. कोलाय | ग्रॅम, १८ ते २४ तासांची वाढ | गुलाबी दंडाणू | शेवटच्या सॅफ्रानिनचा. पहिला रंग टिकला नाही |
| ई. कोलाय | मॅकॉन्की, १८ ते २४ तास | गुलाबी, चपट्या वसाहती | न्यूट्रल रेडचा. लॅक्टोजपासून आम्ल |
| प्रोटियस | मॅकॉन्की व ब्लड अगार शेजारी | पहिल्यावर फिकट सुट्या वसाहती, दुसऱ्यावर लाटांचा थर | लॅक्टोज वापरत नाही. पित्तक्षार पसरणे रोखतात |
| प्रोटियस | युरिया माध्यम | काही तासांत गडद गुलाबी | फिनॉल रेडचा. युरियापासून अमोनिया, म्हणजे अल्कली |
| आम्लरोधी दंडाणू | झील-नील्सन | निळ्या पार्श्वभूमीवर लाल दंडाणू | पहिल्या कार्बोल फुक्सिनचा. आम्लानेही सुटला नाही |

आता दोन अडचणी आहेत. पहिली, मायकोबॅक्टेरियम लेप्रीच्या ओळीत माध्यमाचा चौकोन रिकामा राहतो आणि तो मी विसरले असे वाटते. दुसरी, एंटेरोकॉकस. तो ग्रॅम पॉझिटिव्ह आहे, तरी पुस्तकात मॅकॉन्कीवर त्याच्या बारीक, गडद गुलाबी वसाहती दिल्या आहेत. पणतीताईंच्या नियमाप्रमाणे तो वाढायलाच नको.

जुनी_प्रयोगशाळा

तक्ता चांगला झाला आहे. शिगेलाची ओळ जोडशील तेव्हा शिगेला सोनीसमोर तास ठळक लिही; तो लॅक्टोज फार सावकाश वापरतो, त्यामुळे २४ तासांना फिकट असलेली वसाहत पुढे गुलाबी होऊ शकते, आणि उशिरा प्लेट पाहणाऱ्याला ती ई. कोलाय वाटते.

लेप्रीचा चौकोन रिकामा ठेवू नकोस. तो कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, हाच त्याचा निकाल आहे; तो उंदराच्या पायाच्या तळव्यात किंवा आर्माडिलो या प्राण्यात वाढवतात. त्याच्या झील-नील्सनमध्ये आम्ल ५ टक्केच वापरतात, कारण त्याची रंग धरण्याची क्षमता क्षयाच्या जिवाणूपेक्षा कमी आहे. २० टक्के आम्लाने धुतलेस तर रंग जाईल आणि असलेला जिवाणू नाही असे वाटेल.

एंटेरोकॉकसचे कोडे नियमात नाही, बाटलीत आहे. तो मुळात आतड्यात राहतो, म्हणून पित्त सहन करतो, आणि लॅक्टोजही वापरतो. त्यामुळे फक्त पित्तक्षार असलेल्या मॅकॉन्कीवर तो वाढतो आणि गुलाबी दिसतो. परंतु अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या मॅकॉन्कीत क्रिस्टल व्हायोलेटही असते, लिटरला जेमतेम ०.००१ ग्रॅम, आणि ते ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंना दाबून टाकते. तुमच्या प्रयोगशाळेत कोणते आहे ते डब्यावरच्या घटकांच्या यादीत वाचून पाहा.

पणती

म्हणजे माझा नियम क्रिस्टल व्हायोलेट असलेल्या मॅकॉन्कीपुरता बराचसा खरा होता. मी तीन वर्षे तो सर्व मॅकॉन्कीसाठी धरून चालले. नायसेरिया आणि हिमोफिलस ग्रॅम निगेटिव्ह असूनही तेथे वाढत नाहीत, हेही आता त्यात घालावे लागेल.

अबोली_डिचोली

आज प्रात्यक्षिकाआधी मॅडमची परवानगी घेऊन डबा पाहिला. यादीत पेप्टोन, लॅक्टोज, पित्तक्षार, मीठ, न्यूट्रल रेड ०.०३ ग्रॅम आणि त्याखाली क्रिस्टल व्हायोलेट ०.००१ ग्रॅम असे लिहिले आहे. आमच्याकडे एंटेरोकॉकसचे संवर्धन होते, म्हणून मॅडमनी ते एका प्लेटवर रेषा ओढून पेरायला दिले. उद्या सकाळी नऊ वाजता, म्हणजे १८ तासांनी, प्लेट पाहायची आहे. परीक्षेत मात्र पुस्तकातली गुलाबी वसाहत लिहायची की आमच्या प्लेटवर जे दिसेल ते, हे मी अजून ठरवलेले नाही.

मांडवीकाठ

दोन्ही लिही, आणि दोन्हींच्या शेजारी माध्यमात क्रिस्टल व्हायोलेट आहे की नाही तेही लिही. परीक्षक हे मान्य करतील का, याची खात्री मी देऊ शकत नाही. उद्याच्या प्लेटचे निरीक्षण येथे अवश्य कळव.